बिलाच्या मागचं बारीक अक्षर: सही केलीच नाही, तरी बांधले जातो का?

माल आला, मोजून घेतला, दोन दिवसांनी बिल आलं, ते फाईलला लावलं आणि पैसे थोडे मागेपुढे करून देऊन टाकले. सहा महिन्यांनी पत्र येतं की तुमच्या अमुक बिलाला ४० दिवस उशीर झाला, बिलाच्या मागच्या अट क्रमांक ७ प्रमाणे वर्षाला २४ टक्क्यांनी व्याज भरा, आणि काही वाद असेल तर अट १२ प्रमाणे तो आमच्याच शहरातल्या कोर्टात चालेल. तुम्ही फाईल काढता, बिल उलटं करता, आणि खरंच की, फिकट करड्या शाईत मुंगीएवढ्या अक्षरात चौदा अटी छापलेल्या आहेत. त्या कुणी वाचलेल्या नाहीत आणि खाली तुमची सही पण नाही.

आता ऑफिसात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते सही नाही ना, मग विषय संपला. दुसरी म्हणते बिल घेतलं, माल वापरला, पैसे पण दिले, मग सगळं मान्यच केलं ना आपण. माझ्या मते दोघंही चुकीच्या जागी बघतायत. सही असती तर अट तुमच्यावर जवळपास चिकटलीच असती हे खरं, वाचली नव्हती म्हणून सहसा सुटका होत नाही, इंग्लंडमधल्या १९३४ च्या एका निकालापासून हे पक्कं धरतात. पण सही नसली म्हणून तुम्ही आपोआप मोकळे होत नाही, आणि माल घेतला म्हणून आपोआप अडकत पण नाही. खरा प्रश्न आधी हा विचारायचा की ती अट तुमच्यासमोर आली कधी, सौदा पक्का व्हायच्या आधी की नंतर?

समजा सोमवारी फोन झाला. "दोनशे पंप पाहिजेत, मागच्या कोटेशनचाच रेट, पैसे तीस दिवसात." समोरून "चालेल, गुरुवारी पोचवतो." फोन ठेवला. इथे काय झालं तर करार झाला. वस्तू ठरली, नग ठरले, भाव ठरला, पैसे कधी ते ठरलं आणि दोघं हो म्हणाले, कागद नसला तरी अशा साध्या मालाच्या सौद्याला बहुतेक ठिकाणी एवढं पुरतं. गुरुवारी माल आला, शनिवारी बिल आलं. म्हणजे बिल आलं तेव्हा करार होऊन पाच दिवस झाले होते. बिल ही झालेल्या सौद्याची मागणी आहे, एवढे पैसे निघतात ते द्या असं सांगणारा कागद. त्याच्या मागे नवीन अट छापली तर ती, कायद्याच्या नजरेतून, झालेल्या करारात बदल करायचा एक प्रस्ताव झाली, आणि बदलाला दुसऱ्याचा होकार लागतो. एकट्याने छापून बदल होत नाही.

ही गोष्ट इंग्लंडच्या कोर्टाने १९४९ मध्ये एका हॉटेलच्या केसमध्ये फार साधेपणाने सांगितली. पाहुण्यांनी रिसेप्शनवर पैसे भरून खोली घेतली, आणि खोलीत गेल्यावर भिंतीवर सूचना की सामान चोरीला गेलं तर हॉटेल जबाबदार नाही. कोर्ट म्हणालं करार खाली काउंटरवर झाला, वरच्या भिंतीवरची पाटी उशिरा आली. बिलाची मागची बाजू म्हणजे व्यापारातली तीच पाटी.

बिलावरचीच केस हवी असेल तर अमेरिकेतली २००३ ची बुचांची केस वाचावी, माझी आवडती आहे. कॅनडातली एक वाइनरी, फ्रान्समधला बूच बनवणारा. फोनवर बोलणं झालं, किती बुचं, काय भाव, कसं पाठवायचं, पैसे कसे. मग एकूण अकरा खेपांमध्ये माल गेला आणि प्रत्येक खेपेला एक बिल. बिलावर फ्रेंचमध्ये छापलेलं होतं की काही वाद झाला तर तो फक्त पर्पिन्यांच्या व्यापारी कोर्टात. पुढे वाइनला बुचाची चव लागतेय अशी तक्रार झाली, वाइनरीने कॅलिफोर्नियात दावा लावला, आणि बूचवाले म्हणाले बिल बघा, फ्रान्सला या. अमेरिकेतल्या अपील कोर्टाने ते ऐकलं नाही. कारण काय दिलं तर सौदा फोनवरच पूर्ण झाला होता, त्यात कोर्टाचा विषय निघालाच नव्हता, आणि नंतर आलेली बिलं म्हणजे करार बदलायची एकतर्फी खटपट. वाइनरीने माल उतरवून घेतला आणि पैसे दिले याचा अर्थ तिने जे करायचं आधीच कबूल केलं होतं तेच केलं, बिलावरच्या अटीला होकार दिला असं नाही. आणि तेच बिल अकरा वेळा पाठवलं तरी अकरा गप्प बसण्यांचा मिळून एक होकार होत नाही.

तो निकाल देशोदेशींच्या व्यापारासाठी केलेल्या १९८० च्या व्हिएन्ना कराराखाली होता, ज्यात सरळ लिहिलंय की नुसतं गप्प राहणं म्हणजे मान्यता नव्हे. हा करार जिथे लागू नाही तिथे हेच शब्द सापडतील असं नाही, पण कल्पना बहुतेक ठिकाणी हीच.

इथपर्यंत खरेदीदाराला गार वाटलं असेल. आता उलटी बाजू.

१९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये एका फार्मवर पाळलेले फेझंट पक्षी पटापट मेले. खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड होती आणि त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष निघालं. फार्मने खाद्य बनवणाऱ्याला धरलं, त्याने पेंड विकणाऱ्याला, त्याने त्याच्या वरच्याला, अशी मोठी साखळी लागली. त्यातल्या एका दुव्यात प्रश्न आला तो आपलाच. सौदा तोंडी व्हायचा, आणि मग विकणारा एक छापील चिठ्ठी पाठवायचा जिच्या मागे लिहिलेलं की मालात न दिसणारा दोष निघाला तर जबाबदारी घेणाऱ्याची. सही नाही. चिठ्ठी पण सौद्यानंतरच. वरच्या हिशोबाने अट बाद व्हायला पाहिजे होती, पण इंग्लंडच्या सर्वोच्च अपील कोर्टाने (तेव्हा ते काम हाउस ऑफ लॉर्ड्सकडे होतं) म्हटलं की अट करारात आली. कारण या दोघांमध्ये तीन वर्षं महिन्याला तीनचार असे शंभराच्या वर सौदे झाले होते, दर वेळी तीच चिठ्ठी, तेच शब्द. घेणाऱ्याला मागे काहीतरी अटी असतात हे माहीत होतं, वाचल्या नव्हत्या हा त्याचा प्रश्न. शंभर वेळा तेच बघून पुढचा सौदा काही न बोलता केलात म्हणजे त्याच अटींवर केलात, असा समोरच्याचा समज होणं रास्त आहे.

इथे एक बारकावा आहे जो लोक हमखास गाळतात. शंभराव्या चिठ्ठीने शंभरावा करार बदलला असं कोर्ट म्हणत नाहीये. आधीच्या नव्व्याण्णव चिठ्ठ्यांमुळे शंभरावा सौदा होतानाच ती अट दोघांच्या डोक्यात होती असं म्हणतंय. म्हणजे वेळेचा नियम मोडलेला नाहीच, फक्त सौद्यावेळी काय काय धरून चाललं होतं त्यात जुना इतिहास पण मोजला. (आणि गंमत म्हणजे अट लागू होऊन पण विकणारा सुटला नाही, त्या अटीचे शब्द एवढ्या मोठ्या दोषाला पुरे पडले नाहीत. अट लागू होते का आणि ती कितपत झाकते हे दोन वेगळे प्रश्न.)

मग किती वेळा झालं म्हणजे पुरे? आकडा कुठेच ठरलेला नाही. १९७२ च्या एका गॅरेजच्या केसमध्ये गाडीवाला पाच वर्षात तीनचार वेळा दुरुस्तीला गेला होता, त्यातल्या निदान दोन वेळा तर आगीची जबाबदारी नाही असं लिहिलेल्या फॉर्मवर त्याने सही पण केली होती. पुढच्या खेपेला फोनवर ठरलं, फॉर्म नाही, आणि गॅरेजच्या हलगर्जीपणामुळे आग लागून गाडीचं नुकसान झालं. कोर्ट म्हणालं एवढ्याशा येण्याजाण्याने जुना फॉर्म आपोआप लागत नाही. तर एका टोकाला शंभर, दुसऱ्या टोकाला तीनचार, मधला पट्टा वकिलांच्या पोटापाण्याचा.

आणि संख्येपेक्षा मला सातत्य जास्त महत्त्वाचं वाटतं. एकदा आमच्याकडे अशाच व्याजाच्या मागणीवरून मी एका सप्लायरची साठेक बिलं जमिनीवर पसरून एकेक उलटी करत बसलो होतो. पहिल्या ढिगात मागची बाजू कोरी. दुसऱ्यात १८ टक्के. मग बहुतेक प्रिंटर बदलला असावा, कारण फॉन्ट पण बदलला आणि व्याज २४ झालं. आणि मधली वीसएक बिलं मेलवर आलेली, ज्यात पुढच्या पानाचीच पीडीएफ, मागचं पान स्कॅनच नाही. पत्रात मात्र "गेली अनेक वर्षे याच अटींवर व्यवहार" असं ठोकून दिलेलं. नेमक्या कुठल्या अटी, हा एक प्रश्न विचारल्यावर त्यांचा सूर बराच खाली आला. सवयीच्या व्यवहाराचा आधार घ्यायचा तर सवय एकसारखी पाहिजे, कधी अशी कधी तशी असेल तर कोर्टाला त्यातून काही पक्कं काढता येत नाही.

पीडीएफचं म्हटलं तर त्यावर पण जुना निकाल आहे, फॅक्सच्या जमान्यातला, १९९६ चा. पुढच्या बाजूला लिहिलेलं की अटी मागे पाहा, आणि फॅक्स फक्त पुढची बाजूच केलेली. अटी लागू नाहीत. "मागे पाहा" म्हणून मागे काही पाठवलंच नाही तर माणूस बघणार काय. आणि पुढच्या बाजूला मागचा काहीच उल्लेख नसेल तर विकणाऱ्याची बाजू तशीही लंगडी पडते, कारण अटी आहेत हे समोरच्याच्या लक्षात येईल असं काहीतरी रास्त करायला पाहिजे, हे १८७७ च्या रेल्वेच्या सामानघराच्या पावतीच्या केसपासून इंग्लंडमध्ये धरून चाललेत.

सहीशिवाय अडकायचा दुसरा रस्ता म्हणजे एकाच धंद्यातले दोघं असणं. १९७५ ची क्रेनची केस. दोन्ही कंपन्या अवजड यंत्रं भाड्याने देणाऱ्याच. एकीला अर्जंट क्रेन पाहिजे होती, फोनवर भाडं ठरलं, क्रेन निघाली, छापील फॉर्म मागाहून सहीसाठी पाठवला. तो सही होऊन परत यायच्या आत क्रेन दलदलीत रुतली. काढायचा खर्च कुणाचा? फॉर्मप्रमाणे भाड्याने घेणाऱ्याचा. सही नाही, फॉर्म पण नंतर, तरी कोर्टाने घेणाऱ्यावर टाकला, कारण तो स्वतः क्रेन भाड्याने देतो तेव्हा असल्याच अटींवर देतो, त्या धंद्यात हे असंच चालतं हे त्याला पक्कं माहीत होतं. बिचाऱ्याला "मला काय माहीत" म्हणायची सोयच नव्हती. हाच माणूस धंद्याबाहेरचा, एखादी विहीर खणायला एकदाच क्रेन मागवणारा असता तर निकाल वेगळा लागला असता असं मला वाटतं.

आता समजा अटींचा कागद वेळेत आला, सौद्याच्या आधी, तरी प्रत्येक अट आत येतेच असं नाही. एका जाहिरात कंपनीने फोटोंच्या ४७ पारदर्शिका मागवल्या, सोबतच्या चिठ्ठीवर अट होती की चौदा दिवसांनंतर दर फोटोला दर दिवशी पाच पौंड. दोन आठवडे उशीर झाला आणि कराचे धरून ३,७८३.५० पौंडांचं बिल आलं. ४७ गुणिले ५ गुणिले १४, म्हणजे ३,२९० आणि वर १५ टक्के, हिशोब बरोबर आहे. पण १९८७ मध्ये कोर्ट म्हणालं की इतकी जबर अट असेल तर ती बाकीच्या ओळींमध्ये लपवून चालणार नाही, समोरच्याचं लक्ष जाईल अशी ठळक दाखवायला पाहिजे होती, आणि दर फोटोला आठवड्याला साडेतीन पौंड एवढंच रास्त भाडं दिलं. म्हणून अट जेवढी जाचक तेवढी ती मोठ्या अक्षरात पाहिजे, करड्या शाईत मुंगीएवढी असेल तर अवघड.

अमेरिकेत मात्र एक वेगळं वळण आहे, तिकडे माल विकणाऱ्याघेणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं. तिथल्या व्यापारी संहितेच्या कलम २-२०७ प्रमाणे दोघंही व्यापारी असतील तर सौद्यानंतर वाजवी वेळेत आलेल्या लेखी कागदातल्या जादा अटी, कुणी हरकत घेतली नाही तर, करारात येऊ शकतात, फक्त त्या करारात मोठा फरक पाडणाऱ्या नकोत. आणि त्या संहितेच्या अधिकृत टिपणीत, थकलेल्या बिलावर धंद्यातल्या रिवाजाइतकं व्याज, हे मोठा फरक न पाडणाऱ्याचं उदाहरण म्हणून दिलंय! म्हणजे तिथे गप्प बसणं महाग पडू शकतं. व्हिएन्ना करारात नेमकं उलटं, पैसे देणं, जबाबदारीची मर्यादा, वाद कुठे सोडवायचा, हे सगळं मोठा फरक पाडणारंच धरलंय. एकच बिल, दोन कायदे, दोन उत्तरं. म्हणून कुठला कायदा लागतो ते आधी बघा.

एक छोटी गोष्ट राहिली, गोडाऊनवर माल घेताना होणारी सही. डिलिव्हरीच्या कागदावर "माल मिळाला" म्हणून सही केली तर ती सहसा माल मिळाल्याचीच असते. पण काही जण त्या सहीच्या बरोबर वर एक ओळ टाकतात, "मागील अटी मान्य". मग भांडण दुसरंच होतं, सही करणाऱ्या पोऱ्याला कंपनीतर्फे अटी मान्य करायचा अधिकार होता का वगैरे. त्या ओळीवर काट मारून सही करायला शिकवणं सोपं आहे.

आता सुरुवातीचं पत्र परत घ्या, ४० दिवस, २४ टक्के. या सप्लायरकडून पहिल्यांदाच माल घेतला होता, कोटेशनवर किंवा ऑर्डरच्या मान्यतेवर अटींचा उल्लेख नव्हता, त्या पहिल्यांदा दिसल्या त्या बिलावर, असं असेल तर अमेरिकेतला अपवाद सोडता अट ७ पण नाही आणि १२ पण नाही. मात्र उशिरा पैसे दिल्याबद्दल कायद्यातूनच व्याज लागतं का ते वेगळं बघायला लागेल, काही देशांत तशी तरतूद आहे, मागची बाजू बाद झाली म्हणून व्याज पूर्ण टळलं असं नाही. आणि "पूर्ण पैसे मिळेपर्यंत माल आमच्या मालकीचा" ही अट त्या चौदात असेल तर ती पण तशीच उशिराची, माल ताब्यात येऊन मालकी तुमच्याकडे आल्यावर शनिवारच्या बिलाने ती मागे ओढता येत नाही.

पण तीन वर्षं दर महिन्याला हेच बिल, मागे हेच शब्द, पुढे "अटी मागे पाहा", आणि त्याहून म्हणजे मागच्या वर्षी दोनदा व्याजाची डेबिट नोट आली आणि अकाउंट्सने कटकट नको म्हणून मुकाट भरली, असं असेल तर अट ७ पासून सुटणं कठीण. त्या दोन भरलेल्या डेबिट नोटा छत्तीस न वाचलेल्या बिलांपेक्षा जड आहेत, कारण त्यात तुम्ही नुसते गप्प नाही, त्या अटीप्रमाणे वागलात. अट १२ वर तरी तुम्ही भांडू शकता, कारण कोर्टाच्या अटीवर दोघं कधी वागलेच नाहीत.

असल्या बिलाला उत्तर द्यायला वकील लागत नाही. पहिलं बिल आलं की एक मेल, "आपला व्यवहार आमच्या अमुक तारखेच्या ऑर्डरप्रमाणे आहे, बिलामागच्या छापील अटी आम्हाला मान्य नाहीत", आणि मग पैसे. एकदा पाठवला की पुढच्या बिलांना सवयीचा आधार उरत नाही, फक्त त्यानंतर आलेली व्याजाची डेबिट नोट भरायची नाही. आणि तुम्ही विकणारे असाल तर चौदा अटी बिलामागून उचलून कोटेशनवर टाका, ऑर्डर यायच्या आधी, पुढच्या बाजूला ठळक ओळीसकट, आणि पीडीएफ करताना दोन्ही पानं स्कॅन होतायत ना ते बघा.